ॲपॉइंटमेंट मिळेपर्यंतची ठणकती दाढ

पूर्वी थंड पाणी लागलं की उजवीकडच्या दाढेत सणक यायची आणि घोट गिळेपर्यंत विरून जायची. दात शिवशिवतात म्हणून कोण लगेच डॉक्टरकडे धावतं? मी दुसऱ्या बाजूने पाणी प्यायची सवय लावून घेतली होती आणि माझं बरं चाललं होतं. मग ती सणक विरेनाशी झाली. पाणी पिऊन झालं, ग्लास ओट्यावर ठेवला, दुसऱ्या कामाला लागले, तरी दाढेत कळ चालूच. तिचं रूपही बदललं होतं. आधी सुई टोचल्यासारखं तीक्ष्ण दुखायचं, आता खोलवरून ठोके पडावेत तसं ठणकायला लागलं. त्याच रात्री काहीही खाल्लं-प्यालं नसताना ठणक्याने जाग आली.

सकाळी क्लिनिकला फोन केला. मधे सुट्टी येत होती, त्यामुळे लगेचची वेळ नव्हती आणि दोन रात्री काढायच्या होत्या. रिसेप्शनवरच्या मुलीने मात्र चांगलं केलं, फोन डॉक्टर मॅडमकडे दिला. ‘किती दुखतंय’ हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांचे प्रश्न वेगळे होते. थंड लागल्यावर कळ किती वेळ राहते? काही न लागता आपोआप ठणकतं का? झोपेतून उठवतं का? गरम लागलं तर काय होतं? त्या दाढेवर चावता येतं का? गालावर किंवा हिरडीवर सूज आहे का, ताप आहे का, तोंड पूर्ण उघडतं का? मी एकेक सांगत गेले. कळ अर्ध्या मिनिटाहून जास्त राहते, आपोआप ठणकतं, झोपमोड होते, सूज आणि ताप नाही, तोंड नीट उघडतं.

“मग आतली नस सुजलीय असं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “नक्की तपासल्यावरच सांगेन. घरच्या उपायांनी ती बरी होणार नाही. पण ठणका आवरता येईल, तेवढंच आपल्याला आत्ता करायचंय.”

त्यांनी थोडक्यात सांगितलेलं नंतर नीट समजून घेतलं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल, त्याला संवेदना नसते. त्याच्या खालच्या डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. कीड, झीज, फट किंवा खाली सरकलेली हिरडी यामुळे डेंटिन उघडं पडलं, की थंडाने तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला त्याची जाणीव होते. नस निरोगी असेल तर थंड दूर होताच सगळं शांत. दुखणं दोन-चार सेकंदांत संपत असेल तर ते बहुधा याच प्रकारचं असतं आणि साध्या उपचाराने भागू शकतं. कीड खोल गेली की आतला गर, ज्याला पल्प म्हणतात आणि ज्यात रक्तवाहिन्या व नसा असतात, तो सुजतो. शरीरात इतरत्र सूज आली की तिला पसरायला जागा असते. इथे चारही बाजूंनी कठीण भिंती. घट्ट अंगठीतलं बोट सुजावं तशी गत होते, दाब वाढत जातो. म्हणून थंड गेल्यावरही कळ रेंगाळते, म्हणून नाडीच्या ठोक्यासारखं ठणकतं आणि म्हणूनच आडवं झालं की जास्त दुखतं, कारण डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. कळ किती जोराची आहे यापेक्षा ती थंड गेल्यावर किती वेळ टिकते, हे जास्त बोलकं असतं. त्यांचा पहिला प्रश्न तोच का होता ते तेव्हा कळलं.

औषधापेक्षा आधी त्यांनी फ्लॉस करायला सांगितलं. दोन दाढांच्या फटीत अडकलेला घासाचा कण हिरडीत रुतून असा काही ठणका देतो की माणूस दाढच गेली समजतो, आणि कण निघाला की तासाभरात बरं वाटतं. मी दोरा हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी फिरवला. थोडं काहीतरी निघालं, हिरडीचं दुखणं जरा हलकं झालं, दाढेचं मात्र तसंच. म्हणजे ते सोपं कारण बाद झालं. मग कोमट पाण्याच्या गुळण्या: एका ग्लासात अर्धा चमचा मीठ, प्रत्येक घोट दाढेपाशी अर्धा मिनिट धरायचा आणि थुंकायचा. हिरडीची चुरचुर यात कमी होते, तोंड स्वच्छ राहतं. आतल्या नसेपर्यंत मीठ पोचत नाही, त्यामुळे ठणका जाईल ही आशा ठेवण्यात अर्थ नाही. पाणी कोमटच हवं. थंडही नको, कढतही नको.

खरा फरक पडला तो गोळ्यांनी, आणि त्याही कशा घेतल्या यावर. माझी नणंद फार्मासिस्ट आहे. तिला फोन लावला तर गोळीचं नाव सांगायच्या आधी तिनेच माझी उलटतपासणी घेतली.

“वहिनी, आधी सांग, अल्सर कधी झाला होता का? किडनीचं काही? दमा? रक्त पातळ करायची गोळी? दुसरी कुठली औषधं चालू आहेत?”

यातलं काहीही असेल तर आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, गरोदरपणात तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, हे तिने ठणकावून सांगितलं. माझं तसं काही नव्हतं. डॉक्टर मॅडमनीही आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घ्यायला सांगितलं होतं. दोन्हींचं काम करायचं तंत्र वेगळं आहे. आयबुप्रोफेन सूज आणणारी रसायनं तयार होण्याला अटकाव करते, पॅरासिटामॉल वेदनेची जाणीव कमी करते. दातदुखीत ही जोडी एकेकट्या गोळीपेक्षा चांगली चालते. मला सांगितलेला डोस असा होता: आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, काहीतरी खाऊन, दर आठ तासांनी. म्हणजे चोवीस तासांत आयबुप्रोफेन 1200 मिलिग्रॅम, आणि चिठ्ठीशिवाय घेताना त्यापुढे जायचं नाही. पॅरासिटामॉलची दिवसाची मर्यादा याहून बरीच वर, निरोगी प्रौढ माणसासाठी 4 ग्रॅम आहे, पण यकृताचा त्रास असेल किंवा दारू नेहमीची असेल तर ती खूप खाली येते. हे माझ्यासारख्या, दुसरा आजार नसलेल्या मोठ्या माणसाचं गणित. मुलांचं वजनावर ठरतं, ते डॉक्टरच सांगतील.

नणंदेने आणखी एक बारकावा सांगितला. बाजारात या दोन्हींची मिळून एकच गोळी असते, आणि सर्दी-तापाच्या कित्येक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. माणूस दाढेसाठी एक घेतो, अंग दुखतंय म्हणून दुसरी घेतो, आणि एकच औषध दोनदा पोटात जातं. म्हणून पाकिटावरचं ठळक ब्रँडनाव सोडून बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचायचं. मी एका कागदावर वेळ आणि गोळी लिहायला लागले. रात्री अर्धवट झोपेत ‘मघाशी घेतली होती का?’ असा प्रश्न पडतो, तेव्हा तो कागद उपयोगी येतो.

वेळेचंही महत्त्व आहे. ठणका शिगेला पोचल्यावर गोळी घेतली की ती लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि तो अर्धा-पाऊण तास फार मोठा असतो. त्यामुळे मी दुखायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे घेतली. रात्रीची गोळी झोपायच्या साधारण तासभर आधी पडेल असं वेळापत्रक लावून घेतलं.

झोपायची व्यवस्था हा दुसरा मोठा उपाय. दोन उशा एकावर एक ठेवल्या तर नुसती मान वाकते, पाठ सपाटच राहते. मी पाठीमागे लोड ठेवून खांद्यांपासून वर उतार केला, जवळजवळ आरामखुर्चीत रेलल्यासारखं. दुखऱ्या कुशीवर वळायचं नाही. ठणका पूर्ण थांबला नाही, पण मघाशी जो प्रत्येक ठोका मोजता येत होता तो मागे सरला आणि सलग काही तास झोप लागली. जाग आली तेव्हा गालावर बाहेरून थंड शेक दिला: बर्फ रुमालात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. थंडाने दाढ ठणकते आणि तरी बर्फ, हे विचित्र वाटेल, पण गालावरून दिलेला थंडावा दाढेच्या उघड्या भागाला लागत नाही, वरच्या भागातली जाणीव तेवढी बोथट करतो. दातदुखीत गालाला गरम शेक देऊ नये, त्याने रक्तप्रवाह वाढतो आणि ठणकाही.

लवंग तेलाबद्दल प्रत्येकजण सांगतो, म्हणून त्याचं काय झालं तेही सांगते. लवंगेतलं युजेनॉल जागा बधिर करतं हे खरं आहे आणि दंतवैद्यही त्याचा वापर तात्पुरत्या सिमेंटमध्ये करतात. पण ते नसेच्या जवळ पोचलं तरच. कुणाच्या दाढेला उघडी पोकळी असेल तर तेलाचा बोळा तिथे बसतो आणि आराम पडतो. माझी कीड जुन्या सिमेंटच्या खाली लपलेली होती, वरून दाढ धडधाकट. त्यामुळे तेल वरच्या वरच राहिलं. काही मिनिटं जीभ आणि गाल बधिर, दाढ आपली ठणकतेय. वापरायचं असेल तर थेंबभर लवंग तेलात दोन-चार थेंब खाण्याचं तेल मिसळायचं, कापसाच्या छोट्या बोळ्याला लावून पिळून घ्यायचं, आणि पोकळीपुरतं ठेवायचं. शुद्ध तेल हिरडीवर ओघळलं तर चट्टा पडतो, आग होते आणि दुखण्यात दुखणं वाढतं. ॲस्पिरिनची गोळी दाढेजवळ धरून ठेवायचा सल्लाही मला एकाने दिला होता. तो मी ऐकला नाही. ती गोळी ॲसिड असते, हिरडी पांढरी पडून सोलवटते, आणि वेदना कमी होते ती गिळून पोटात गेल्यावर, दाढेवर ठेवून नाही.

शिवशिवीची टूथपेस्टही घरात होती. तिच्यातलं पोटॅशियम नायट्रेट नसेला हळूहळू शांत करतं, काही पेस्टमधले घटक त्या सूक्ष्म नळ्यांची तोंडं बुजवतात. पण ‘हळूहळू’ म्हणजे रोज दोनदा वापरून दोन ते चार आठवडे. दोन रात्रींच्या हिशोबात तिला जागा नव्हती, आणि नस सुजल्यावर तर तिचा उपयोगच नसतो.

बाकी मग टाळायच्या गोष्टी. त्या बाजूने चावलं नाही. थंड, गोड, आंबट बंद. ब्रश मात्र बंद केला नाही, मऊ ब्रशने आणि कोमट पाण्याने चालू ठेवला, कारण दुखतंय म्हणून ती बाजू सोडून दिली की अन्न साचून हिरडी सुजते. दुसरी एक गोष्ट टाळणं अवघड गेलं: जिभेने आणि बोटाने दाढ सारखी चाचपणं. प्रत्येक वेळी ‘आता कसं आहे’ बघायला जायचं आणि झोपलेली कळ उठवून यायचं.

घरात कुणाच्या तरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या होत्या. त्या घ्यायचा आग्रह झाला. मॅडमना विचारलं, तर त्यांनी सरळ नाही म्हटलं. बंद गरातली सूज अँटिबायोटिकने ओसरत नाही, वेदनाही कमी होत नाही. सूज, ताप किंवा जंतुसंसर्ग पसरत असल्याची खूण असेल तेव्हा ते डॉक्टर देतात, आणि तेव्हाही दाढेवरचा उपचार करावाच लागतो. त्यांनी एवढं मात्र बजावलं: गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे चढायला लागली, जिभेखाली फुगवटा आला, तोंड उघडेनासं झालं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर ॲपॉइंटमेंटची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जायचं, मग रात्रीचे किती का वाजलेले असोत. माझ्यावर ती वेळ आली नाही, तरी सकाळ-संध्याकाळ आरशात दोन्ही गाल तोलून बघायची सवय लागली होती.

दुसऱ्या संध्याकाळी गंमतच झाली. कोमट म्हणून घेतलेल्या चहाने भयंकर कळ उठली आणि तोंड विसळायला घेतलेल्या गार पाण्याने ती चक्क थांबली. ज्या थंडाला इतके दिवस घाबरत होते त्यानेच बरं वाटायला लागलं. मला वाटलं सुधारतंय. नणंद म्हणाली, “सुधारत नाहीये, पुढे सरकतंय.” गर आतून मरायला लागला की गरमाने दाब वाढून दुखतं आणि थंडाने तो दाब क्षणभर उतरतो. पुढे तर थंडाला प्रतिसादच येत नाही, ठणका आपोआप थांबतो आणि लोक ॲपॉइंटमेंट रद्द करतात. मग काही दिवसांनी किंवा महिन्यांनी दाढेवर चावलं की दुखायला लागतं, हिरडीवर फोड येतो, कारण नस मेली तरी संसर्ग मुळाच्या टोकापर्यंत उतरलेला असतो. त्या रात्री उशाशी गार पाण्याचा तांब्या ठेवला, कळ आली की घोट दाढेपाशी धरला. आराम जेमतेम मिनिटभर टिकायचा, पण गोळी लागू पडेपर्यंत तेवढाही कामाचा होता.

क्लिनिकमध्ये गेल्यावर मॅडमनी आधी तो कागद मागून घेतला. शेवटची गोळी कधी घेतली हे त्यांना हवं होतं, कारण गोळीच्या अमलाखाली तपासणीत दाढ खरी बोलेलच असं नाही. मी त्यांना ठामपणे वरची दाढ दाखवली. त्या हसल्या. गरातल्या नसेला जागा नेमकी सांगता येत नाही, वरचं दुखणं खाली आणि खालचं वर भासतं, कधी कानातही. उजवीकडचं डावीकडे मात्र सहसा जात नाही. त्यांनी कापसाच्या बोळ्यावर गार करणारा फवारा मारला आणि एकेका दातावर टेकवला, आधी निरोगी दातावर, म्हणजे तुलना होते. वरच्या दाढेला सणक आली आणि लगेच गेली. खालच्या दाढेला आधी काहीच नाही, आणि मग अशी कळ उठली की मी खुर्चीचा हात धरला. ती बराच वेळ ओसरली नाही. आरशाच्या दांड्याने दाढांवर हलकं ठोकून पाहिलं, एकेका दाढेवर काठी चावायला दिली, एक्स-रे काढला. जुन्या सिमेंटखाली काळी सावली गराला टेकलेली दिसत होती. रूट कॅनलला पर्याय दाढ काढण्याचा होता. मुळं आणि हाड चांगलं होतं, म्हणून दाढ ठेवायचं ठरलं.

भुलीबद्दल सांगायलाच हवं. खालच्या, सुजलेल्या नसेच्या दाढेला भूल चढायला कठीण जाते. ओठ पूर्ण बधिर झाला तरी दाढेत टोचल्यावर कळ आली. मी हात वर केला, त्या थांबल्या, दाढेच्या बाजूला आणखी एक इंजेक्शन दिलं, वाट पाहिली, पुन्हा थंड लावून खात्री केली आणि मगच पुढे गेल्या. सहन करत बसायचं नसतं, हात वर करायचा असतो. गर उघडला तेव्हा दाब मोकळा झाला, आणि भूल उतरल्यावरही तो ठणका परतला नाही. आता जे दुखत होतं ते वेगळं होतं: चावताना कळणारी ठेच, मुळाभोवतीची जागा दुखावल्यामुळे, जी गोळ्यांनी थोड्याच दिवसांत गेली. तात्पुरतं सिमेंट असेपर्यंत त्या बाजूने कडक काही खाल्लं नाही. पुढच्या बैठकीत मुळं भरून झाली, आणि मग कॅप, कारण गर काढलेली, बरीच पोखरलेली दाढ चावताना तडकू शकते.

आणि ज्या वरच्या दाढेवर माझा सगळा संशय होता, तिची हिरडी थोडी मागे सरकलेली निघाली. तिला फक्त शिवशिवीची पेस्ट, रात्री ब्रश झाल्यावर बोटाने लावून थुंकायची आणि चूळ भरायची नाही. थंडाची सणक तिला अजून येते, पण घोट गिळेपर्यंत जाते.